नावांची यादी नसलेल्या भाषांतरकाराने परिचय कसा लिहावा?



आपल्या वस्त्यांतील पुष्कळ मुली-मुले आता इंग्रजी घेऊन बी.ए. होतात आणि नोकरी मिळेपर्यंत, किंवा नोकरी सुटल्यावर, घरी बसून भाषांतराचे काम करतात. आमच्या बहिणीची मुलगी त्यांपैकीच एक. सहा वर्षे ती एका रुग्णालयात कामाला होती. आधी केसपेपरच्या खिडकीवर, नंतर रुग्णाला घरी सोडताना जे कागद देतात त्या टेबलावर. बाळ झाल्यावर नोकरी सुटली. गेली दोन वर्षे ती इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते. औषधाच्या खोक्यातली माहितीपत्रके, रुग्णांसाठीच्या सूचना, शस्त्रक्रियेआधी सही घेतात ती संमतीपत्रे, असे तिचे काम.

अशा कामाचे गिऱ्हाईक घरी चालत येत नाही. ते दूरच्या शहरात असते आणि भाषांतरकाराने स्वतःविषयी लिहिलेले एक पान वाचून फोन करायचा की नाही हे ठरवते. हे पान कोणी संकेतस्थळावर ठेवते, कोणी पत्रासोबत धाडते. आम्ही त्याला परिचयाचे पान म्हणू. ते पान लिहिताना भाची अडकली आणि त्या अडकण्याने तिचे नुकसानही झाले. तीच हकीकत आज सांगतो, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

तिने पहिले पान लिहिले ते असे. वर लिहिले होते, ‘आमची अनुभवी टीम सर्व विषयांची, सर्व भारतीय भाषांतील भाषांतरे अचूक, वेळेत आणि माफक दरात करून देते. शंभर टक्के समाधानाची हमी.’ खाली तीन मोठ्या औषध कंपन्यांची नावे होती. नावे खोटी नव्हती. एका एजन्सीमार्फत तिने त्या तीन कंपन्यांची पाच-सहा माहितीपत्रके केली होती. पण काम एजन्सीचे होते. कंपनीला तिचे नावही ठाऊक नव्हते.

एका रुग्णालयाच्या व्यवस्थापकाने ते पान पाहिले. त्यांच्या ओळखीचे कोणी त्या कंपन्यांपैकी एकीत होते. त्यांनी सहज विचारले. तिकडून उत्तर आले, या नावाची बाई आम्हांला माहीत नाही. रुग्णालयाचे काम गेले. बोलता बोलता गोष्ट एजन्सीपर्यंत पोहोचली. एजन्सीबरोबर केलेल्या करारात स्पष्ट लिहिलेले होते की गिऱ्हाइकांची नावे कोठेही सांगायची नाहीत. तिने सही करताना ते वाचले नव्हते. एजन्सीनेही काम बंद केले.

त्या रविवारी ती आमच्याकडे आली. डोळे सुजलेले. म्हणाली, “मामा, माझ्याकडे दाखवायला नावंच नाहीत. होती ती अशी गेली. आता पानावर लिहू काय?”

आमची हयात छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेली. दुसऱ्याचे वाक्य वाचून त्यात किती दम आहे हे पाहण्याची सवय आहे. आम्ही तिला म्हटले, “आधी एवढं सांग, गिऱ्हाईक नावं का बघतं?”

ती विचारात पडली. मग तिनेच उत्तर दिले आणि ते उत्तर नेमके होते. ती म्हणाली, “त्याला मराठी येत नाही म्हणून.”

भाषांतराच्या धंद्याची सारी मेख येथे आहे. शिंप्याने शिवलेला सदरा गिऱ्हाईक अंगात घालून पाहते. सुताराचे टेबल हलवून पाहते. पण चेन्नईच्या किंवा दिल्लीच्या ज्या साहेबाला मराठी वाचता येत नाही, त्याच्या हातात मराठी भाषांतर दिले तर तो काय पाहणार? माल चांगला की वाईट हे पैसे देणाऱ्यालाच कळत नाही. म्हणून तो आडून अंदाज बांधतो. मोठ्या कंपन्यांनी हिला काम दिले म्हणजे ही बरी असणार, असा त्याचा हिशेब. म्हणजे त्याला नावांची हौस नसते. त्याला स्वतःला तपासता येईल असे काहीतरी हवे असते आणि दुसरे काही समोर नसते म्हणून तो नावे पाहतो.

हे एकदा ध्यानात आले की पान कसे लिहायचे ते सुचते. यादी नसेल तर यादीच्या जागी अशा गोष्टी ठेवायच्या, ज्या मराठी न येणाऱ्या माणसालाही तपासता येतील. जे तपासता येत नाही ते काढून टाकायचे.

आम्ही तिच्या जुन्या पानावर लाल पेन्सिल घेऊन बसलो. प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारला. हे वाक्य दुसऱ्या कोणत्याही भाषांतरकाराने उचलून आपल्या पानावर लावले तर चालेल काय? चालत असेल तर ते खोडायचे. ‘अचूक, वेळेत, माफक दरात’ हे तर कोणीही लिहील. वाईट भाषांतर करणारा तर आधी लिहील. खोडले. ‘शंभर टक्के समाधान’ खोडले. ‘सर्व विषय, सर्व भाषा’ हे नुसते पोकळ नव्हते, घातक होते. जाणकार माणूस ते वाचून समजतो की ही कामे घेऊन पुढे कोणालाही वाटत असणार. एकटा माणूस सर्व भाषा करीत नाही. जी भाषा आपण घरात बोलत वाढलो त्या भाषेत भाषांतर करावे, उलट दिशेने करताना दहादा विचार करावा, ही या धंद्यातली रीत आहे.

‘आमची टीम’ वर आलो तेव्हा आम्ही विचारले, “टीममध्ये कोण कोण?” ती हसली. म्हणाली, “मी आणि पाळण्यातलं बाळ.” वाचकहो, या स्तंभात आम्ही स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो ती वर्तमानपत्राची जुनी रीत आहे. त्यातून कोणी फसत नाही. पण एकट्या बाईने गिऱ्हाइकाला ‘आमची टीम’ म्हणून सांगितले आणि फोनवर मागे बाळाचे रडणे ऐकू आले, तर तो तिच्या बाकीच्या वाक्यांवरही विश्वास ठेवणार नाही. ‘मी एकटी काम करते’ हे लिहायला लाज कसली? पुष्कळ गिऱ्हाइकांना तेच हवे असते. ज्याच्याशी बोललो तोच काम करणार, हे त्यांना बरे वाटते.

लाल पेन्सिल फिरवून झाल्यावर पानावर तिचे नाव आणि फोन नंबर एवढेच उरले. मग आम्ही नवे पान लिहायला घेतले.

पहिली गोष्ट, विषय. तिला आम्ही विचारले, “तुला असं काय ठाऊक आहे जे इंग्रजीच्या एम.ए.ला ठाऊक नसेल?” ती म्हणाली, “काही नाही.” आम्ही म्हटले, “सहा वर्षे त्या टेबलावर बसून रुग्णांना कागद समजावून सांगत होतीस ना? ते काय विचारायचे?” मग ती बोलू लागली, ती थांबेना. कोणत्या शब्दावर बाया अडतात, ‘आहार हलका ठेवावा’ म्हटल्यावर लोक काय खातात, जखम ‘कोरडी ठेवा’ म्हटले की आंघोळच कोणी कशी बंद करते. हे सारे तिचे भांडवल होते आणि पानावर त्याचा एक शब्द नव्हता! नोकरीचा अनुभव ‘भाषांतराचा अनुभव’ नव्हे म्हणून तिने तो वगळला होता. खरे तर गिऱ्हाइकाच्या दृष्टीने तो नावांच्या यादीपेक्षा वजनदार आहे. कारण तो तपासता येतो. दोन प्रश्न विचारले की ती तेथे खरोखर बसली होती की नाही हे कोणत्याही रुग्णालयवाल्याला कळेल.

दुसरी गोष्ट, नमुना. सगळ्यांत जास्त वेळ यावर गेला. नमुना म्हणून गिऱ्हाइकाचा कागद दाखवायचा नाही, नाव झाकूनसुद्धा नाही. तो कागद त्याचा आहे. आपणच एखादे नेहमीच्या तऱ्हेचे वाक्य रचून घ्यावे. तिने औषधाच्या सूचनेचे वाक्य घेतले. ‘टेक वन टॅब्लेट ट्वाइस डेली ऑन ॲन एम्प्टी स्टमक.’

घाईत कोणी याचे मराठी करील, ‘दिवसातून दोन गोळ्या उपाशीपोटी घ्याव्यात.’ वाचायला सोपे आहे. पण ते वाचून कोणी दोन्ही गोळ्या सकाळी एकदम घेईल. म्हणून तिने लिहिले, ‘दिवसातून दोन वेळा, प्रत्येक वेळी एक गोळी.’ ‘सकाळी एक, रात्री एक’ असे का नाही, म्हणून आम्ही विचारले. ती म्हणाली, “मामा, मूळ वाक्यात सकाळ-रात्र नाही. ते डॉक्टरांनी ठरवायचं. मी आपल्या पदरचं घालू शकत नाही.”

पुढे ‘उपाशीपोटी’ आले. आपल्याकडे उपाशीपोटी म्हटले की माणूस सकाळी चहाच्या आधी, एवढेच समजतो. मग दुसरी गोळी कशी घ्यायची? डॉक्टरांना अभिप्रेत असते ते पोट रिकामे असताना, म्हणजे खाण्याच्या काही वेळ आधी किंवा खाऊन बराच वेळ झाल्यावर. पण किती वेळ, हे औषधागणिक वेगळे असते. म्हणून तिने त्या जागी समासात प्रश्न लिहिला, ‘खाण्याच्या किती वेळ आधी, हे कृपया कळवावे. त्याप्रमाणे वाक्य पुरे करते.’

आम्ही म्हटले, हाच तुझा नमुना. पण एक अडचण होती. मराठी न जाणणारा हा नमुना पाहून काय समजणार? त्यावर तोड अशी काढली की दोन्ही मराठी वाक्यांखाली, ती वाचून आपला माणूस काय समजेल, ते सरळ इंग्रजीत लिहायचे. पहिल्याखाली ‘दोन गोळ्या, बहुधा एकदम, सकाळी.’ दुसऱ्याखाली ‘एक गोळी, दोन वेळा.’ मराठीचे एक अक्षर न येणारा डॉक्टरही दोन्हींतला फरक पाहून दचकेल. औषधांच्या चाचण्यांच्या कागदांत अशी उलट भाषांतरे करून पाहण्याची पद्धत आहेच. म्हणजे रुग्णालयातल्या माणसाला ही तऱ्हा ओळखीचीही वाटते. असा एक नमुना पुरे. दहा नमुने कोणी वाचत नाही.

तिसरी गोष्ट, काम कसे चालते ते. येथेही मोठे शब्द नकोत, क्रम सांगावा. ती आधी सगळा मजकूर वाचते. अडणाऱ्या शब्दांची यादी करून गिऱ्हाइकाला पाठवते. मग भाषांतर करते. एक रात्र मध्ये जाऊ देते आणि दुसऱ्या दिवशी मूळ वाक्य व भाषांतर ओळीला ओळ लावून तपासते. शेवटी मोठ्याने वाचते. भाषांतर सेवेसाठी आयएसओ 17100 नावाचे एक आंतरराष्ट्रीय मानक 2015 मध्ये निघाले. त्यात भाषांतर करणाराखेरीज दुसऱ्या माणसाने ते मूळाशी ताडून पाहिलेच पाहिजे अशी अट आहे. भाचीकडे असा दुसरा माणूस कायम नाही. मग काय लिहायचे? खरे तेच लिहायचे. ‘दुसऱ्या भाषांतरकाराकडून तपासणी हवी असल्यास ती मी करवून घेते, त्याचे पैसे व एक दिवस वेगळा लागतो.’ मानकाचे नाव पानावर टाकून उसना भाव आणायचा नाही. जाणता माणूस पुढचा प्रश्न त्यावरच विचारतो.

चौथी गोष्ट, काय करीत नाही ते. हे लिहायला ती तयार नव्हती. म्हणाली, “आधीच कामं नाहीत, त्यात नाही म्हणू?” आम्ही म्हटले, “बाई, जो दुकानदार सांगतो की हे माझ्याकडे चांगलं मिळणार नाही, त्याच्या बाकीच्या मालावर आपण विश्वास ठेवतो की नाही?” तेव्हा तिने लिहिले की न्यायालयाचे कागद ती घेत नाही आणि मराठीतून इंग्रजीत करीत नाही. दिवसाला दीड हजार शब्दांपेक्षा जास्त घेत नाही, हेही लिहिले. अनुभवी भाषांतरकार दिवसाला दोन हजार, अडीच हजार शब्दही करतात. पण तिच्या घरी लहान मूल आहे. आकडा दिल्याने गिऱ्हाईक स्वतःच हिशेब करते. सहा हजार शब्दांचे काम म्हणजे चार दिवस आणि तपासणीचा एक, पाच दिवस. ‘वेळेत देते’ या शब्दांपेक्षा हा हिशेब बोलका आहे.

राहिला केलेल्या कामाचा प्रश्न. ते मुळीच सांगायचे नाही असे नाही. नाव न घेता जात सांगावी, म्हणजे कामाची जात! ‘औषधांची माहितीपत्रके, एका एजन्सीमार्फत’ असे म्हणता येते, करारात तेवढ्यालाही मनाई नसेल तर. तिने करार काढून वाचला. नावे सांगायला मनाई होती, कामाचा प्रकार सांगायला नव्हती. क्षयरोगाची एक चोवीस पानी पुस्तिका तिने ओळखीच्या संस्थेला फुकट करून दिली होती. तेथे ‘विनामूल्य’ असे स्पष्ट लिहिले. फुकट काम कमी दर्जाचे नसते, पण ते धंद्याचे काम म्हणून दाखवले आणि उघडे पडले तर पुन्हा पहिल्यासारखीच गत.

त्या संस्थेच्या डॉक्टर बाईंकडून दोन ओळी मागून घेतल्या. त्यांनी आधी लिहून दिले, ‘काम उत्तम, स्वभाव मनमिळाऊ.’ असले प्रशस्तिपत्र लग्न जमवायला बरे, धंद्याला उपयोगाचे नाही. भाचीने त्यांना पुन्हा विनंती केली, “मॅडम, काम करताना काय घडलं तेवढंच लिहाल का?” तेव्हा त्यांनी लिहिले की पुस्तिकेत तिने आम्हांला पाच शंका विचारल्या आणि त्यांतल्या दोन ठिकाणी आमचे मूळ इंग्रजीच चुकलेले निघाले. खाली नाव आणि हुद्दा घालण्याची परवानगी दिली. ही एक ओळ वीस नावांच्या बरोबरीची आहे, असे आमचे मत.

तर तयार झालेले पान मराठीत साधारण असे होते:

‘मी रुग्णांनी वाचायचे कागद इंग्रजीतून मराठीत करते. औषधांच्या सूचना, माहितीपत्रके, संमतीपत्रे.

सहा वर्षे मी रुग्णालयात घरी जाणाऱ्या रुग्णांना त्यांचे कागद समजावून देत होते. कोणते वाक्य ऐकून माणूस चुकतो हे मी तेथे शिकले. दोन वर्षांपासून भाषांतर करते. एजन्सीमार्फत औषधांची माहितीपत्रके केली आहेत आणि क्षयरोगावरील चोवीस पानांची पुस्तिका, विनामूल्य. गिऱ्हाइकांची नावे मी सांगत नाही. आपलेही सांगणार नाही.

माझे काम कसे असते ते खालच्या एका वाक्यावरून पाहावे.’

याखाली गोळीचा तो नमुना.

‘मी एकटी काम करते. आधी शंका विचारते, मग भाषांतर करते, दुसऱ्या दिवशी मूळाशी ताडून पाहते. दिवसाला दीड हजार शब्द. दुसऱ्या भाषांतरकाराची तपासणी हवी असल्यास वेगळी सांगावी. न्यायालयीन कागद आणि मराठीतून इंग्रजी मी करीत नाही.

आपल्या मजकुरातील दोनशे शब्द पाठवावेत. मी ते विनामूल्य करून देईन आणि आपण ते कोणाही मराठी जाणणाऱ्याला दाखवून मग ठरवावे.’

शेवटी डॉक्टर बाईंच्या दोन ओळी, तिचे पूर्ण नाव, गाव आणि फोन.

शेवटचे वाक्य मुद्दाम पाहावे. गिऱ्हाइकाला स्वतः तपासता येत नाही म्हणून ते दुसऱ्याकडून तपासून घ्या असे तीच म्हणते. मात्र दोनशे-तीनशे शब्दांपलीकडे फुकट नमुना देऊ नये. पाच पाने नमुना म्हणून मागणारा बहुधा कामच फुकट काढून घेत असतो. तेवढ्याला पैसे मागावेत.

गिऱ्हाईक इंग्रजी वाचणारे, म्हणून पान इंग्रजीतही हवे. मराठी पानाचे तिने भाषांतर केले नाही, इंग्रजी पान नव्याने लिहिले. भाषांतरकाराच्या परिचयात भाषांतराचा वास आला तर नमुना कोण पाहणार? आणि पान लावण्याआधी दोघांकडून वाचून घेतले. आमच्या वाचनातून ‘माहितीपत्रके’ मधली एक वेलांटी चुकलेली सुटली होती, ती तिच्या नवऱ्याने पकडली! सुताराच्या घरची खुर्ची मोडकी चालेल, भाषांतरकाराच्या पानावरची वेलांटी चालत नाही.

पानाने लगेच कामांचा पाऊस पडला असे सांगणार नाही. जो पानापर्यंत आला त्यालाच पान बोलते. त्याला तेथवर आणायला पत्रे लिहावी लागतात, फोन करावे लागतात. भाचीने अकरा रुग्णालयांना पत्रे धाडली. नऊ ठिकाणांहून काही आले नाही. एकाने दर जास्त म्हणून कळवले. एकाने दोनशे शब्द पाठवले. चार दिवसांनी त्या रुग्णालयातून फोन आला. नावे कोणी विचारली नाहीत. पलीकडच्या बाईंनी एवढेच विचारले, “तुम्ही आमच्या कागदावर तीन प्रश्न लिहून पाठवलेत. तिसरा प्रश्न आमच्या डॉक्टरांना कळला नाही, जरा समजावून सांगता का?”

ती समजावून सांगत होती आणि बाळ मागे रडत होते. फोन ठेवल्यावर तिने आम्हांला सांगितले, “मामा, संमतीपत्राचं काम मिळालं. साडेचार हजार शब्द.” चार दिवसांची मुदत तिने स्वतःच सांगितली होती. तीन दिवस भाषांतर, एक तपासणी. तिने ते चौथ्या दिवशी सकाळी दिले.